आधी उजवं दार: ऑफिसच्या प्रिंटरवरच्या सूचनेच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

सरांनी आज बोलावून सांगितलं, प्रिंटरवर नीट सूचना लाव. जुलैत आयकर रिटर्नची गर्दी सुरू होईल, तेव्हा रोज दोनदा मशीन बंद पडलेलं चालणार नाही.

सूचना आत्ताही आहेच. मागच्या कोणीतरी लावलेली, लॅमिनेट केलेली, चौदा कलमांची. पहिलं कलम 'प्रिंटर ही सर्वांची सामायिक मालमत्ता आहे' असं आहे. कागद अडकला तर काय करायचं ते अकराव्या कलमात, आणि तेही एवढंच: 'अडकलेला कागद काळजीपूर्वक काढावा.' कुठून, कसा, कोणत्या बाजूला ओढून, याचा पत्ता नाही. मी गेली दोन वर्षं त्या कागदासमोर उभी राहते आहे आणि आज पहिल्यांदा तो पूर्ण वाचला.

आपलं मशीन म्हणजे जमिनीवर उभं राहणारं काळ्यापांढऱ्या छपाईचं लेझर. वर स्कॅनर, खाली दोन ट्रे. ट्रे १ मध्ये ए-फोर, ट्रे २ मध्ये लीगल. प्रत्येकात ८० जीएसएमचे ५०० कागद बसतात. उजव्या अंगाला एक उभं दार आणि त्या दारावरच उघडणारा बायपास ट्रे, जाड कागद आणि स्टँप पेपरसाठी. वापरणारी माणसं बावीस, त्यातली सात आर्टिकलची, म्हणजे सीए होण्याआधी उमेदवारी करणारी मुलं. छापण्याचं निम्मं काम तीच करतात आणि त्यांच्यात दर काही महिन्यांनी कुणीतरी नवीन येतं.

५ जून, बुधवार

सूचना लिहिण्याआधी कागद नक्की कुठे आणि का अडकतो ते बघायचं ठरवलं. मशीनला सुतळीने एक वही बांधली. तारीख, वेळ, कोणता ट्रे, कागद कुठे सापडला, त्याच्या आधी कोणी कागद भरला होता का. शेवटचा रकाना मीच आग्रहाने घातला. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "यात नाव नको लिहायला, नाहीतर कुणी लिहिणारच नाही." बरोबर होतं. नावाचा रकाना खोडला.

११ जून, मंगळवार

पाऊस रविवारी आला. आज सकाळी अकराला एक मुलगा धावत आला, "मॅडम, प्रिंटरमधून धूर येतोय!" गेले तर बाहेर पडणाऱ्या कागदांवरून खरंच पांढरं काहीतरी तरंगत होतं. वास मात्र जळल्याचा नाही, इस्त्री करताना ओल्या कपड्याला येतो तसा. हात धरला तर दमट लागला.

ती वाफ होती. मशीनच्या आत फ्यूजर नावाचा तापलेला रोलर असतो, साधारण १८० ते २०० अंशांचा. टोनरची भुकटी तिथे वितळून कागदाला चिकटते. कागदात पाणी असेल तर तेही तिथेच उकळून बाहेर पडतं. म्हणजे आपला कागद सादळलाय. घरी पापडाचा डबा उघडा राहिला की जे होतं तेच.

वहीत पहिल्या आठवड्यात तीन नोंदी होत्या. कालच्या आणि आजच्या मिळून चार.

१८ जून, मंगळवार

बकरी ईद धरून तीन दिवस ऑफिस बंद होतं. एसी बंद, खिडक्या बंद, फोर्टातली जुनी इमारत, भिंतींना ओल. ट्रेमध्ये शुक्रवारचे दीडेकशे कागद तसेच. आज दुपारपर्यंत पाच वेळा जॅम.

त्यातला तिसरा मी समोर उभी राहून पाहिला. स्क्रीनवर Paper Jam आलं. मुलीने क्षणाचाही विचार न करता ट्रे १ बाहेर खेचला. फर्र असा आवाज झाला आणि ट्रेबरोबर अर्धा कागद बाहेर आला. उरलेला अर्धा आत. तिने ट्रे परत लावला, दार उघडून आतला तुकडा ओढला, दार लावलं. स्क्रीनवर पुन्हा Paper Jam. आणखी दोनदा दार उघडझाप. मग मशीन बंद करून चालू. तरी तेच.

आम्ही दोघींनी निघालेले तुकडे टेबलावर जोडून पाहिले. एका कोपऱ्यात नखाएवढी जागा रिकामी राहिली. तो तुकडा टॉर्च लावून शोधायला वीस मिनिटं गेली. दाराच्या आत, खालच्या रोलरजवळ एक काळी प्लास्टिकची पट्टी आहे, पाकळीसारखी, बोट लावलं की हलणारी. तिच्याखाली बसला होता. काढला, पट्टी टक्कन वर आली, दार लावल्यावर छपाई आपोआप सुरू झाली.

मुलीने मधल्या काळात तेच पत्र चार वेळा पाठवलं होतं. ती चारही पत्रं छापून आली. जॅममध्ये अडकलेलं काम मशीन विसरत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नाही. सूचनेत घ्यायचं.

२१ जून, शुक्रवार

मशीनच्या देखभालीच्या कराराचा, म्हणजे एएमसीचा, इंजिनिअर आला. रबरी रोलर पुसले, एक बदलला. मी त्याला चहा पाजून तासभर थांबवून घेतलं. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात उपयोगी पडलेला तास हाच.

तो म्हणाला, "मॅडम, मशीनला कागद दिसत नाही. त्याला फक्त पाकळ्या आणि घड्याळ कळतं." कागदाच्या वाटेवर ठिकठिकाणी तसल्या पाकळ्या आहेत. कागद आला की पाकळी दबते, गेला की उठते. ट्रेमधून उचलल्यावर ठरल्या वेळेत पहिली पाकळी दबली नाही तर जॅम. दबली आणि वेळेत उठली नाही तरी जॅम. म्हणून परवा नखाएवढ्या तुकड्याने मशीन अडून बसलं होतं. त्याच्या लेखी तिथे अख्खा कागद उभा होता. अशा वेळी मशीन बंद-चालू करून काही होत नाही, पाकळी दबलेलीच राहते.

मग ट्रे आधी ओढण्याबद्दल विचारलं. त्याने उजवं दार उघडून दाखवलं. कागद ट्रेच्या उजव्या टोकाने उचलला जातो, वळून दाराच्या आतून सरळ वर चढतो, ड्रम नावाच्या गोल नळकांड्याजवळून टोनर घेतो, फ्यूजरमधून जातो आणि वर बाहेर पडतो. अडकलेल्या कागदाचं डोकं बहुतेक वेळा वरच्या रोलरांनी धरलेलं असतं आणि शेपूट अजून ट्रेत असतं. ट्रे ओढला की तो मधोमध फाटणारच. दार उघडलं की रोलरांची पकड सुटते. मग कागद दोन्ही हातांनी, दोन्ही कडा धरून, तो जात होता त्याच दिशेने म्हणजे वर ओढायचा. दारातून काही दिसलंच नाही तर मग ट्रे.

म्हणजे आमच्या अर्ध्याअधिक त्रासाचं मूळ हाताच्या क्रमात आहे. सगळ्यांचा हात आधी ट्रेकडे जातो, कारण कागद तिथून आला हे माहीत असतं. मी वहीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: आधी उजवं दार.

२५ जून, मंगळवार

एक वेगळाच जॅम. ट्रे २ मधून निघालेला कागद न फाटता, न चुरगळता, अगदी इस्त्रीचा असावा तसा अर्धा बाहेर येऊन थांबलेला. काढला, पुन्हा छापलं, पुन्हा तेच. चार वेळा.

इंजिनिअरचं घड्याळ आठवलं म्हणून ट्रे उघडून पाहिला. कागद लीगलचाच, पण सेटिंगमध्ये ट्रे २ ला A4 लिहिलेलं. काल कुणीतरी ट्रे १ रिकामा म्हणून ट्रे २ मध्ये ए-फोर घातला, स्क्रीनने विचारल्यावर A4 ला होकार दिला, काम झाल्यावर सज्जनपणे लीगल परत भरून ठेवला आणि स्क्रीनवरचं विसरला. ए-फोर २९७ मिलिमीटर लांब, लीगल ३५६. पाकळी २९७ च्या हिशोबाने उठायला हवी होती आणि ५९ मिलिमीटर कागद अजून तिच्यावरून सरकत होता. मशीनच्या दृष्टीने अडकलाच.

ओळखायची खूण: कागद शाबूत आणि दर वेळी त्याच जागी थांबलेला असेल तर दोष आत नाही, ट्रेच्या मापात आहे. स्क्रीनवर ट्रे २ ला Legal केल्यावर दिवसभर नीट चाललं.

२८ जून, शुक्रवार

कागद खरंच किती सादळतो ते मोजायची हुक्की आली. टपालाचा एक ग्रॅम दाखवणारा काटा आहेच. आमचा कागद ७५ जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ७५ ग्रॅम. ए-फोरचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो, तेव्हा एक कागद ४.६९ ग्रॅम आणि २०० कागद ९३८ ग्रॅम. नवीन रिममधून २०० मोजून काढले, काट्याने ९३६ दाखवले. ते ट्रे १ मध्ये ठेवले. शेजारच्या कपाटात एक न फोडलेली रिम, तिचंही वजन लिहून ठेवलं. काका, म्हणजे आमचे शिपाई, बघत होते. म्हणाले, "आता कागद पण वजनावर विकणार का?"

१ जुलै, सोमवार

सकाळी एसी लावायच्या आधी येऊन वजन केलं. ट्रेमधले २०० कागद ९५२ ग्रॅम. दोन दिवसांत १६ ग्रॅम पाणी, तीन चमचे म्हणा. न फोडलेल्या रिमचं वजन जसंच्या तसं. रिमच्या वेष्टनाला आतून ओल अडवणारा थर असतो, त्याचं काम ते चोख करतं.

१६ ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण गठ्ठा हातात घेतला की कळतं. कडा पन्हळी पत्र्यासारख्या झालेल्या. कारण ओल कडांमधून शिरते आणि मधला भाग कोरडा राहतो. असा कागद लुळा असतो, दोन-दोन चिकटून उचलले जातात, वळणावर ताठ उभं राहायची ताकद त्याच्यात नसते. छपाईही फिकी येते. मग फ्यूजरमध्ये एकदम सुकला की आक्रसून वाकतो. पाठपोट छापताना त्याच वाकड्या कागदाला दुसऱ्यांदा आत जावं लागतं, म्हणून वहीत पाठपोटचे जॅम सोमवारी जास्त दिसतात.

तो गठ्ठा काकांना दिला, कच्च्या कामाला. वेष्टनातून नवीन कागद काढून भरले. दिवसभरात जॅम शून्य. एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे.

४ जुलै, गुरुवार

सूचनेचा पहिला मसुदा तयार केला आणि अकाउंट्सच्या मॅडमना मशीनसमोर उभं केलं. दारात मीच एक कागद अडकवून ठेवला. अट अशी की त्यांनी फक्त सूचना वाचायची, मी तोंड उघडायचं नाही.

'कागद त्याच्या दिशेने ओढावा' असं मी लिहिलं होतं. मॅडमनी वाचलं, दार उघडलं आणि कागद स्वतःकडे ओढला. "त्याच्या दिशेने म्हणजे? तो येतोय माझ्याच दिशेने." चूक माझी. 'वर ओढा' एवढंच लिहायला हवं होतं.

'गाइड योग्य रीतीने लावावेत' हेही कोसळलं. योग्य रीत म्हणजे कोणती, हेच तर सांगायचं होतं. ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकल्या पाहिजेत, पण दाबल्या नाही पाहिजेत. सैल राहिल्या तर कागद तिरका शिरतो आणि कोपरा दुमडून अडकतो. घट्ट बसल्या तर कागद मधे फुगतो आणि उचललाच जात नाही. मॅडमनीच मोजमाप सुचवलं: "गठ्ठ्याला फुगवटा दिसला तर घट्ट, कागद हलवून हलला तर सैल." जसंच्या तसं उतरवून घेतलं.

कागद पिसण्यावरून वाद झाला. मॅडम म्हणाल्या गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून घालायचा, त्यांच्या आधीच्या ऑफिसात तसंच करत. आमच्या मशीनच्या पुस्तकात पिसायला सांगितलंय. पण मी दुसऱ्या एका कंपनीचं पुस्तक पाहिलंय, त्यात पिसू नका असं स्पष्ट लिहिलंय, दोन कागद एकदम जातात म्हणून. ज्याचं मशीन त्याचं पुस्तक. आमच्या सूचनेत पिसणं राहिलं.

८ जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस, लोकल बंद. ऑफिसात मी, काका आणि चालत येणारा एक मुलगा, बस्स. फोनही वाजेना. मशीन सावकाश उघडून बसलो.

सूचना मशीनच्या वर भिंतीवर असण्यात काही अर्थ नाही, हे आज पटलं. कागद भरणारा माणूस वाकलेला असतो, त्याची नजर ट्रेत असते. तेव्हा कागद भरायचा भाग ट्रेच्या आतल्या भिंतीवर आणि अडकलेला काढायचा भाग उजव्या दाराच्या बाहेर, असे दोन तुकडे केले. हात लावायचे खटके मशीनवर हिरवेच आहेत. फ्यूजरच्या जागेवर काकांनी लाल इन्सुलेशन टेपची पट्टी लावली. तिथला कागद निघत नसेल तर दार उघडं ठेवून अर्धा तास थांबायचं किंवा मला बोलवायचं. दार उघडं म्हणजे ड्रमवर उजेड पडतो आणि तो त्याला मानवत नाही, म्हणून दारावर टाकायला एक जाड काळं कापड ठेवलं. कात्री, पट्टी, चिमटा आत घालायचा नाही. ड्रमवर एक ओरखडा गेला की पुढच्या प्रत्येक पानावर त्याच जागी रेघ येते.

मुलाच्या बाहीला टोनर लागला आणि तो गरम पाण्याकडे निघाला. अडवलं. टोनर उष्णतेनेच पक्का होतो. आधी झटकायचा, मग थंड पाणी.

१२ जुलै, शुक्रवार

दुसरी चाचणी. आठवड्यापूर्वी आलेली आर्टिकलची मुलगी, मशीनला पहिल्यांदाच हात लावणारी. मुद्दाम कोपरा फाडलेला कागद अडकवला आणि तुकडा पाकळीखाली सरकवला. जरा दुष्टपणाच.

तिने दार उघडलं, कागद दोन्ही हातांनी वर काढला, सूचनेप्रमाणे टेबलावर पसरून चारही कोपरे मोजले. तीन. टॉर्च मागितला आणि पाचव्या मिनिटाला तुकडा काढला. मग मला विचारलं, "मॅडम, पुन्हा प्रिंट द्यायची का?" ती ओळ सूचनेत सगळ्यात खाली होती. वर घेतली.

१६ जुलै, मंगळवार

आज दोन्ही कागद लावले. उद्या आषाढीची सुट्टी, तेव्हा परवाच परीक्षा. मजकूर इथे उतरवून ठेवते.

ट्रेच्या आत:

> उरलेले कागद आधी बाहेर काढा. सोमवारी किंवा सुट्टीनंतर ते परत घालू नका, कच्च्या कामाच्या खोक्यात टाका.
> कागद वेष्टनातून आत्ताच काढा. अर्धीच रिम घाला, उरलेली वेष्टनात गुंडाळून कपाटात.
> गठ्ठा पिसा, टेबलावर ठोकून चारही कडा सारख्या करा. भिंतीवरच्या त्रिकोणी खुणेच्या वर जाऊ देऊ नका.
> पट्ट्या कागदाला टेकवा. फुगवटा दिसला तर घट्ट, कागद हलला तर सैल.
> ट्रे 'टक्' होईपर्यंत आत ढकला. स्क्रीनने माप विचारलं तर ट्रेमध्ये जे आहे तेच सांगा.

उजव्या दारावर:

> ट्रे ओढू नका. आधी हे दार.
> प्रिंट पुन्हा देऊ नका. कागद निघाला की मशीन स्वतः छापतं.
> कागदाच्या दोन्ही कडा धरा, सावकाश वर ओढा. लाल पट्टीजवळ हात नको, गरम आहे.
> कागद फाटला तर तुकडे जोडून बघा. एक जरी कमी असेल तर तो आत आहे.
> इथे काही दिसलं नाही तरच ट्रे उघडा.
> कागद शाबूत असून पुन्हा पुन्हा तिथेच थांबतो? ट्रेचं माप तपासा.

अर्ध्या रिमची ओळ फक्त पावसाळ्यापुरती. आमचा रोजचा खप साधारण तेवढाच आहे, संध्याकाळी ट्रे जवळपास रिकामा होतो. ऑक्टोबरनंतर ती ओळ झाकून टाकेन.

स्टँप पेपरबद्दल दारावर मुद्दाम काही लिहिलं नाही. तो जाड, बऱ्याचदा घडीचा असतो आणि अडकला तर पैसे गेले. तो बायपासमधून एकेकच घालायचा, आधी त्याच मापाच्या साध्या कागदावर छापून बघायचं, आणि हे काम फक्त मी किंवा काका करणार. सरांनी त्याला मान्यता दिली.

२९ जुलै, सोमवार

रिटर्नची मुदत परवा संपते, मशीन सकाळपासून थांबलेलं नाही. वही मोजली. १८ जून ते १५ जुलैच्या चार आठवड्यांत एकतीस नोंदी होत्या. १८ जुलैपासून आजपर्यंत, छपाई दुपटीच्या आसपास असून, सहा. त्यातले दोन स्कॅनरच्या फीडरमधले, म्हणजे कागदाच्या नाही तर न काढलेल्या टाचण्यांच्या पायी. फीडरच्या झाकणावर तिसरा, एका ओळीचा कागद लावावा लागेल: टाचणी आणि स्टेपल काढलीत का?

रोलर २१ जूनलाच बदलला होता, त्याचाही वाटा असणार. पण बदलल्यानंतरच्या तीन आठवड्यांतही सतरा जॅम झाले होते, म्हणून सगळं श्रेय रोलरला देणार नाही.

एक गोष्ट मनासारखी झालेली नाही. कच्च्या कामाच्या खोक्यातले कागद कुणीतरी परत ट्रेत घालतंय. आज गठ्ठ्याच्या मधोमध पन्हळी कडांचे वीसेक कागद सापडले. काकांचा संशय माझ्यावर आहे, कारण कागद वाया घालवू नका असं मीच सगळ्यांना सांगत असते. खोकं उद्या मशीनजवळून उचलून पँट्रीपाशी ठेवते.